स्टार्टअपची मान्यता मिळाली म्हणजे कर माफ झाला, असं व्यासपीठावरून सांगणं आता तरी थांबवा

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीची. ताण्याचा धागा तुटला की साधा यंत्रमाग आपोआप थांबवणारं एक उपकरण आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बनवते. घरातली कंपनी काढणारी मी पहिलीच. आमच्याकडे स्टार्टअप मान्यतेचं प्रमाणपत्र आहे, ते कार्यालयात भिंतीवर लावलेलं आहे. तरीही गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही 6 लाख 24 हजार रुपये आयकर आणि त्यावर पंच्याहत्तर हजारांच्या घरात व्याज भरलं. दिवाळीच्या तोंडावर कामगारांच्या बोनससाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि बोनस द्यायला आईचं सोनं तारण ठेवावं लागलं. म्हणून हे पत्र.

आमच्या भागात झालेल्या एका उद्योजक मेळाव्यात एका अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं होतं, "मान्यता घ्या, तीन वर्षं इन्कम टॅक्स विसरा." सभागृहात टाळ्या पडल्या. ज्या सल्लागाराने आमचा मान्यतेचा अर्ज भरला त्यानेही ईमेलमध्ये तेच लिहून दिलं. या अर्जाला सरकार एक रुपयाही फी घेत नाही, सल्लागाराने मात्र पंधरा हजार घेतले. या दोघांच्या भरवशावर आम्ही 2024-25 सालचा आगाऊ कर भरला नाही. त्याचंच व्याज नंतर अंगावर आलं.

खरी गोष्ट सीएच्या टेबलावर कळली. विवरणपत्रात आयकर कायद्याच्या कलम 80-आयएसीची, म्हणजे स्टार्टअपच्या तीन वर्षांच्या करमाफीची, वजावट मागायची तर एक वेगळा तक्ता भरावा लागतो आणि त्यात आंतरमंत्रालयीन मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक विचारतात. मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा क्रमांक सांगितला. सीए म्हणाले, "ताई, हा मान्यतेचा नंबर आहे. करमाफीचं प्रमाणपत्र वेगळं असतं, त्याचा अर्ज वेगळा, ते देणारं मंडळ वेगळं. ते हातात नसेल तर ही वजावट मागता येत नाही." ती रिकामी चौकट पडद्यावर तशीच राहिली आणि आम्ही पूर्ण कर भरला.

महोदय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण माझ्यामागून येणाऱ्या मुलामुलींना ते कोणी सांगत नाही, म्हणून तुमच्या नावाच्या या पत्रात मी ते त्यांच्यासाठीच सविस्तर लिहिते.

मान्यता ही पहिली पायरी. फेब्रुवारी 2019 च्या अधिसूचनेनुसार प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था तिच्यासाठी अर्ज करू शकत होती. त्या अधिसूचनेच्या अटी अशा होत्या: स्थापनेला दहा वर्षं झालेली नसावीत, कोणत्याही वर्षी उलाढाल 100 कोटींवर गेलेली नसावी, कामात काही नावीन्य किंवा मोठं होण्याची क्षमता असावी, आणि चालू धंदा तोडून किंवा त्याची फेररचना करून नवी संस्था उभी केलेली नसावी. वडिलांच्या एकट्याच्या नावावर चालणाऱ्या धंद्याला ही मान्यता मिळतच नाही, आणि आमच्या गावात निम्म्याहून जास्त धंदे तसेच चालतात.

करमाफी ही दुसरी पायरी, आणि तिचं दार बरंच अरुंद आहे. तिथे भागीदारी संस्था बाद होते, फक्त कंपनी आणि एलएलपी उरते. स्थापना 1 एप्रिल 2016 किंवा त्यानंतरची हवी. ही सवलत 2025 मध्येच संपणार होती, ती 1 एप्रिल 2030 पूर्वी स्थापन होणाऱ्यांपर्यंत वाढवली, त्याबद्दल आभार. यंत्रसामग्रीचीही अट आहे. आधी वापरलेली यंत्रं नव्या धंद्यात आणली तर त्यांची किंमत एकूण यंत्रांच्या वीस टक्क्यांवर जाता कामा नये. माझ्या वडिलांचं मागाचे सुटे भाग दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. त्यांचं जुनं लेथ आणि ड्रिलिंग मशीन मी कंपनीत घेतलं, दीड लाखाला. आमची एकूण यंत्रं नऊ लाखांची, म्हणजे जुन्याचा वाटा सोळा-सतरा टक्के. वडिलांचं आणखी एक मशीन आणलं असतं तर आम्ही या कलमातून कायमचे बाहेर गेलो असतो. बापाचं मशीन वापरून धंदा सुरू करणारी मुलगी ही कर चुकवणारी आहे असं कायद्याला आधीच का वाटावं?

या सगळ्यात बसलात तरी मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच. त्यासाठी तीन वर्षांची विवरणपत्रं, लेखापरीक्षित ताळेबंद, भागधारकांचा तपशील आणि तुमचं उत्पादन नवीन का आहे याचा पुरावा द्यावा लागतो. पेटंटचा अर्ज केला असेल, कोणी गुंतवणूक केली असेल, तर ते तिथे उपयोगी पडतं. इचलकरंजीच्या मागावर आमचं उपकरण चालतं आणि कापडातला डाग कमी होतो हे कारखानदार डोळ्यांनी पाहतो. दिल्लीतल्या समितीला ते कागदावर पटवायचं म्हणजे वेगळंच काम आहे, आणि ते करायला आमच्याकडे माणूस नाही.

सरकारनेच मे 2025 मध्ये जाहीर केलं की योजना सुरू झाल्यापासून 3,700 हून थोड्या अधिक स्टार्टअपना ही करमाफी मिळाली. मान्यता मिळालेल्यांचा आकडा तेव्हाच दीड लाखाच्या पुढे होता. शंभरातले दोन किंवा तीन. सगळ्यांनी अर्ज केला नसेल, सगळ्यांना नफाही झाला नसेल, मान्य. पण जाहिरातीत दीड लाखांचा आकडा येतो आणि करमाफीचं आश्वासन त्याला चिकटून येतं, तेव्हा उरलेल्या सत्त्याण्णवांना तुम्ही काय सांगितलं?

आता माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट. प्रमाणपत्र मिळालं असतं तरी आमचा कर शून्य झाला नसता. आमचा नफा 24 लाख. पंचवीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर धरून 6 लाख 24 हजार होतात. 80-आयएसीने हा सगळा नफा वजा होतो, पण कंपनीला मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, लागूच राहतो. 2024-25 साली तो पुस्तकी नफ्याच्या पंधरा टक्के होता, उपकरासह 3 लाख 74 हजार चारशे. म्हणजे "टॅक्स विसरा" म्हणणाऱ्यांच्या सभागृहातून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या कंपनीनेही पावणेचार लाख भरायचेच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हा मॅट पुढच्या पंधरा वर्षांत नेहमीच्या करातून वळता करून घेता येत होता, पण पगार आज द्यायचा असतो. एलएलपीलाही याच जातीचा कर साडेअठरा टक्क्यांनी बसतो. हे वाक्य मी आजवर एकाही मेळाव्यात ऐकलेलं नाही.

मॅट टाळायला काहीजण बावीस टक्क्यांच्या सवलतीच्या दरात जातात. सरचार्ज आणि उपकर धरून तो सव्वापंचवीसच्या आत बसतो, आमच्या नफ्यावर वीस हजार वाचले असते. पण तो पर्याय एकदा निवडला की 80-आयएसी गेलं, आणि निवड परत फिरवता येत नाही. नवीन कंपनी काढणाऱ्यांनो, कोणी घाईत तो फॉर्म भरून देत असेल तर आधी थांबवा.

तारखांचं वेगळंच. वजावट मागायची तर विवरणपत्र मुदतीत गेलंच पाहिजे, आणि त्याच्या महिनाभर आधी सीएचा 10सीसीबी नावाचा लेखापरीक्षण अहवाल. एक दिवस उशीर झाला तरी त्या वर्षाची सवलत बुडते. आमच्याकडे वीज नसली की संगणक बंद असतो, पण मुदत बंद नसते.

आणि घड्याळ. करमाफी सलग तीन वर्षांची, पण ती स्थापनेपासूनच्या पहिल्या दहा वर्षांतच घ्यायची. आमची कंपनी 2019 च्या नोव्हेंबरमध्ये नोंदली गेली, म्हणून दहावं वर्ष 2028-29. पहिली चार वर्षं तोट्यात गेली. मागच्या तोट्याची वजावट होऊन 2024-25 ला पहिला खरा नफा दिसला. आता मी अर्ज करतेय. प्रमाणपत्र 2026-27 साठी मिळालं तर 26-27, 27-28 आणि 28-29 अशी शेवटची तीन वर्षं जेमतेम बसतात. त्यानंतर मिळालं तर तीनची दोन होतील. मंडळ आता 120 दिवसांत निर्णय देईल असं तुमच्या खात्याने सांगितलंय. अर्जात एखादी शंका काढली आणि पुन्हा अर्ज करायला लावला तर ते दिवस कोणाच्या खात्यातून जातात? आमच्या दहा वर्षांतून.

यंत्रमागवाल्यांना हे नवीन नाही. वीज सवलत जाहीर होते, मग तिच्यासाठी वेगळी नोंदणी निघते. योजना मुंबई-दिल्लीत जन्मते, तिची जाहिरात आमच्या चौकात फ्लेक्सवर येते आणि तिच्या अटी शहाण्या सल्लागाराच्या कपाटात राहतात. ज्याच्याकडे सल्लागार आहे त्याला सवलत, ज्याच्याकडे फक्त काम आहे त्याला दंड. तरुणांनो नोकरी मागू नका, नोकरी द्या, असं तुम्ही सगळे सांगता. मी अकरा जणांना नोकरी देते. त्या अकरा जणांना दिवाळीत बोनस देताना माझ्या आईचे हात रिकामे होते, हे मी विसरणार नाही.

मला भिक्षा नको. मान्यतेच्या प्रमाणपत्रावरच मोठ्या अक्षरांत मराठीत, हिंदीत, ज्या त्या भाषेत छापा की यामुळे आयकर माफ होत नाही, त्यासाठी मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळालं तरी मॅट भरावा लागतो. मंडळाकडे अर्ज पडून राहील तेवढे महिने दहा वर्षांच्या मोजणीतून वगळा. पाच कोटींखालच्या उलाढालीच्या प्रमाणित कंपन्यांना त्या तीन वर्षांपुरता मॅट माफ करा. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल आणि ती अर्थमंत्र्यांच्या हातात आहे, हे मला कळतं. मग त्यांच्याशी बोला. आगाऊ कराचा पुढचा हप्ता 15 मार्चला आहे आणि या वेळी मी तो वेळेवर भरणार आहे. त्याआधी उत्तराची अपेक्षा करते.

आपली,
इचलकरंजीतील एक उद्योजिका