बदलीच्या आदेशाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

माझी अक्कलकुव्याला बदली झाल्याचे तुम्हाला परस्पर कळले, याचे मला वाईट वाटते. काल फोनवर सगळे नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मार्चअखेरीस रस्त्याच्या एका कामाचे देयक निघायचे होते. अंदाजपत्रकात डांबरी थर 50 मिलिमीटरचा होता. मी तीन ठिकाणी गाभा कापून घेतला, तेव्हा पट्टीवर 32, 35 आणि 31 भरले. साहेबांनी मोजमाप पुस्तकात पूर्ण जाडी नोंदवायला सांगितले. मी प्रत्यक्ष मापेच लिहिली आणि वेगळी टिपणीही फाइलला लावली. अकराव्या दिवशी आदेश हातात पडला आणि त्यात कारण एवढेच होते : ‘प्रशासकीय कारणास्तव’.

बाबा, माझी चूक झाली असती तर मला दोषारोपपत्र मिळाले असते आणि मी उत्तर दिले असते. शिस्त व अपील नियमांतील शिक्षांच्या यादीत बदली नाही, त्यामुळे चौकशी न करता शिक्षा द्यायची ही सोयीची वाट आहे. मात्र 2005 च्या बदली कायद्याने माझ्या पदाला साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ दिला आहे, आणि माझे इथे जेमतेम सव्वा वर्ष झाले आहे. मुदतीआधी बदली करायची तर विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. त्या नोंदी फाइलमध्ये आहेत का, हाच खरा प्रश्न आहे. साहेबांच्या मनात राग होता हे सिद्ध करणे फार अवघड असते. कोरा रकाना मात्र कोणालाही दिसतो.

म्हणून मी अभ्यावेदन दिले आहे आणि प्रशासकीय न्यायाधिकरणात मूळ अर्जही दाखल केला आहे. स्थगितीवर गुरुवारी सुनावणी आहे. मला एकतर्फी कार्यमुक्त करून माझ्या जागी दुसरे कोणी रुजू झाले, तर स्थगिती मिळणे कठीण होईल, म्हणून ही घाई केली. स्थगिती नाही मिळाली तर मी तिकडे रुजू होईन आणि अर्ज पुढे चालवीन. रुजू न होता घरी बसले, तर साहेबांना आज नसलेले निमित्त मीच त्यांच्या हाती दिल्यासारखे होईल.

आमदारांना भेटण्याचे तुम्ही म्हणालात. कृपया भेटू नका. बदलीसाठी बाहेरून दबाव आणणे वर्तणूक नियमांच्या विरुद्ध आहे, आणि त्यांचे एक शिफारसपत्र फाइलला लागले की माझ्या मापांपेक्षा त्याचीच चर्चा होईल. (आईला हे पटेल, तुम्हाला जरा उशिरा.)

गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात, निळ्या फाइलमध्ये, माझा या कार्यालयातील रुजू अहवाल आहे. त्यावरची तारीख स्पष्ट दिसेल असा फोटो बुधवारपर्यंत पाठवावा; वकिलांना तो हवा आहे.

तुमची,
सुमा