गुण येत नाही, पण चिठ्ठीत काय लिहिले होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतील नैराश्यावरचा मजकूर आणि त्याखालचे वाचकांचे प्रश्न वाचले. ‘दोन-तीन गोळ्या बदलून झाल्या, गुण काही येत नाही’ ही तक्रार त्यात वारंवार दिसते. सत्तावीस वर्षे तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो आहे. अशा रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना आम्ही जी चिठ्ठी देतो तिच्याबद्दल लिहायचे आहे, कारण त्यात माझ्या हातून चूक झाली होती.

रुग्ण बावन्न वर्षांचे, पतसंस्थेत नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांना विचारले आहे.) वर्षभर मन कशातच लागत नव्हते. पहाटे तीनला जाग येई, ती पुन्हा डोळा लागत नसे. जेवण निम्म्यावर आले होते. माझ्या उपचाराने फरक पडेना, तेव्हा मी लेटरहेडवर इंग्रजीत दोन ओळी खरडल्या: वर्षभर नैराश्य आहे, तीन औषधे देऊन झाली, उपयोग नाही, कृपया पुढील उपचार करावेत. भेटीची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर आधी पाठवला, तर संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांचा फोन आला. “तीन औषधे कोणती? किती मिलिग्रॅम? किती आठवडे? आणि बीपीची कुठली गोळी चालू आहे?” एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर मला देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघा नवरा-बायकोला दुपारी, दवाखाना रिकामा असताना बोलावले. “घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या, रिकाम्या स्ट्रिपासुद्धा,” असे सांगितले होते. वहिनींनी कापड दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली. माझे केसपेपर एका बाजूला आणि ते पत्र्यांचे ढिगारे दुसऱ्या बाजूला, असा आम्ही तासभर हिशेब मांडला.

डिप्रेशनच्या गोळीचा परिणाम दोन-चार दिवसांत कळत नाही. पुरेशा मात्रेत, रोज, साधारण सहा ते आठ आठवडे घेतल्यावरच ती लागू पडली की नाही हे ठरवता येते. अशी किमान दोन औषधे नीट देऊनही फरक पडला नाही, तरच त्या नैराश्याला उपचारांना दाद न देणारे म्हणतात. म्हणून ‘तीन औषधे दिली’ या वाक्याला तसा काहीच अर्थ नाही. पहिले होते एस्सिटालोप्राम. केसपेपरवर तीन महिने, पण स्ट्रिपा मोजल्या तर पहिला महिना गोळी एक दिवसाआड आणि तीही मनाला येईल तशी. “मळमळायचं, म्हणून सोडायचो,” असे त्यांनी खाली मान घालून सांगितले. त्यानंतर वहिनींनी स्वतः चहाबरोबर गोळी द्यायला सुरुवात केली आणि 20 मिलिग्रॅमवर सलग आठ आठवडे गेले. हे धरायचे. दुसरे म्हणून मी मोजलेले अमिट्रिप्टिलिन दुसऱ्या एका डॉक्टरांनी डोकेदुखीसाठी 10 मिलिग्रॅम दिलेले. नैराश्यासाठी ते याच्या कितीतरी पट लागते, म्हणून ते यादीतून काढले. तिसरे सर्ट्रालिन, 150 मिलिग्रॅम, दहा आठवडे, मधले जेमतेम चार दिवस चुकलेले. हेही धरायचे. म्हणजे तीन नव्हे, दोन. दाद न देणारे हा शब्द अखेर खरा ठरला, पण मी तो आधी अंदाजाने वापरला होता.

मग राहिलेले प्रश्न विचारले. यांना कधी असे दिवस आले होते का, की झोप तीन तासांची पण अंगात जोर दुप्पट, बोलणे थांबत नाही, पैसा वाटेल तसा खर्च? हे वहिनींनाच विचारावे लागते, कारण रुग्णाला तो काळ आजार वाटतच नाही, आणि तसा इतिहास असला तर उपचाराची दिशाच बदलते. तसे काही नव्हते. दारूबद्दल त्यांना एकट्यांना विचारले. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, सोडियम, क्रिएटिनिन तपासून घेतले. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली भरली. तीत 27 पैकी गुण असतात आणि 20 किंवा त्याहून जास्त असतील तर तीव्र नैराश्य समजतात. सुरुवातीला त्यांचे 21 होते, दोन औषधांनंतर 18.

नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याबद्दलचा आहे. तिथे ते थांबले. मी सरळ विचारले, “जीव द्यावा असं मनात येतं का?” बराच वेळ गेला. “येतं. पण पोरीकडं बघून थांबतो.” घरात फवारणीचे औषध होते. ते त्याच संध्याकाळी वहिनींनी दिरांच्या घरी कुलपात ठेवले. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दोघांच्या मोबाइलमध्ये घालून दिला. आणि ही गोष्ट चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिहून मी पुन्हा फोन केला, तेव्हा तीन आठवड्यांनंतरची वेळ चौथ्या दिवसावर आली. माझ्या आधीच्या दोन ओळींवरून ही घाई कुणाला कळणे शक्य नव्हते.

आता बीपीच्या गोळीचे. ते सहा वर्षे टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी घेत होते. मीच लिहून दिलेली, तरी मानसिक आजाराच्या चिठ्ठीत तिचे काय काम, असे वाटून मी ती लिहिली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन तसेच ठेवून त्याचा परिणाम वाढावा म्हणून सोबत लिथियम द्यायचे ठरवले. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि या गोळीतले दोन्ही घटक ते अंगात साठवून ठेवतात. रक्तातली पातळी उपयोगाच्या मात्रेवरून विषारी मात्रेवर जायला फार अंतर लागत नाही. त्यांच्या उलट चिठ्ठीत म्हणून पहिली सूचना माझ्यासाठी होती: आधी बीपीची गोळी बदला, मग लिथियम सुरू करतो. मी अम्लोडिपिन सुरू केले, दोन आठवडे बीपी पाहिले, त्यानंतर लिथियम सुरू झाले.

पुढचे काम आमच्याच दवाखान्यात झाले. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त काढायचे, पातळी 0.6 ते 0.8 मध्ये ठेवायची. कंबर दुखली तरी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचे नाही, कारण त्यानेही पातळी चढते. उलट्या-जुलाब, हाताला मोठा कंप, झोकांड्या, जीभ जड, यातले काही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचे. हे सगळे मराठीत लिहून वहिनींनी देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवले आहे.

सहा आठवड्यांनी पीएचक्यू 11 वर आली, तीन महिन्यांनी 6 वर. लिथियमने सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. त्यांना आला नसता तर ईसीटीचा, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिल्या जाणाऱ्या विद्युत उपचाराचा पर्याय मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीत लिहिलेलाच होता.

आता माझ्या चिठ्ठीची एक प्रत रुग्णाच्या हातात असते, पाकीट न चिकटवता. वाचकांना विनंती की मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना आपल्या डॉक्टरांकडून प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि आठवडे लिहून मागावेत, आणि घरातली रिकाम्या स्ट्रिपांची पिशवी सोबत न्यावी.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, जि. सातारा