शकूस पत्र: ईराचा दाखला कुठे अडला

प्रिय शकू,

इकडे सगळे बरे. यांची शुगर आहे तिथेच आहे, माझे गुडघे कुरकुरतात. झालं प्रकृतीचं.

फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे प्रकरण कागदावरच कळण्यासारखं आहे. आपल्या ईराचा जन्मदाखला अजून मिळालेला नाही. माघात जन्मली पोर, आता घट बसायची वेळ आली. रांगत रांगत उंबऱ्यापर्यंत जाते, यांचा चष्मा ओढते, आणि सरकारदरबारी ती अजून जन्मलेलीच नाही! बाकी कुणाला सांगितलं की म्हणतात, "दाखलाच ना, मिळेल हो." तू तसं म्हणणार नाहीस. उभी नोकरी तू जन्म-मृत्यूच्या टेबलामागे काढलीस. "तुझं काम म्हणजे शिक्के मारायचं," असं मी एकदा म्हटलं होतं आणि तू अख्खी दिवाळी अबोला धरला होतास. तू तेव्हा उगाच फुगलीस, असं माझं अजूनही मत आहे. पण आता त्या शिक्क्यांची गरज पडली आहे, तेव्हा वाच.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गौरी इकडे आली. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आईबापाचं घर कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. म्हणजे मूल त्यांचं, फेऱ्या आमच्या. जावई जर्मनीत. ईराला पासपोर्ट मिळाल्याशिवाय गौरी जाऊ शकत नाही, आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दुसरा कुठलाच पुरावा चालत नाही, जन्मदाखलाच लागतो. इकडे आळीतल्या बायकांनी चौकशा सुरू केल्यात. परवा भाजीवालीसमोर कुलकर्णीकाकूंनी विचारलं, "गौरी अजून इथेच का गं? सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "सर्व्हर डाऊन आहे." त्यांना वाटलं मी जावयाबद्दल बोलतेय.

कचेरीत कुणी नाही म्हणत नाही गं, तिथेच तर सगळी गोम आहे. नाही म्हटलं तर निदान भांडता येतं. एकदा साहेब मीटिंगला, एकदा नवीन पोर्टलचं लॉगिन आलेलं नाही, एकदा म्हणे बाळाचं नाव दिलं नाहीत म्हणून अडलंय. या शेवटच्या कारणावर मी उखडलेच. नावाशिवाय जन्माची नोंद होते आणि नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत तर फीसुद्धा लागत नाही, हे मी ठणकावून सांगितलं. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. शकुंतलाबाईंची मैत्रीण आहे म्हटलं!

मग यांनी तक्रार निवारण कक्षाला पत्र लिहिलं. यांची पत्रं तुला माहीत आहेत. तुझ्या लग्नात रुसलेल्या व्याह्यांना यांनी जे पत्र लिहिलं होतं, त्याने ते आणखी रुसले होते. या पत्रात पहिल्या पानावर नागरिकांची सनद, दुसऱ्यावर जावयाचं शिक्षण, तिसऱ्यावर स्वतःची निवृत्ती आणि रक्तदाब. मागणी शेवटच्या ओळीत: "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." उत्तर आलं: "सदर तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे." संबंधित विभाग म्हणजे तोच पोरगा, तेच टेबल. हे भडकले. मी म्हटलं, योग्य ती कार्यवाही मागितलीत, त्यांनी त्यांना योग्य वाटली ती केली.

तुझं एक वाक्य तेव्हा आठवलं: आधी कागद कुठे अडलाय ते शोध, मग माणसावर ओरड. मी कचेरी सोडली आणि सरळ दवाखान्यात गेले. दवाखान्यात जन्म झाला तर 21 दिवसांच्या आत कळवायचं काम दवाखान्याचं, घरच्यांचं नव्हे. तिथली रिसेप्शनवरची मुलगी चांगली निघाली. तिने जावक रजिस्टर काढून समोर ठेवलं. निळ्या शाईत गौरीचं नाव, पुढे "नमुना 1 रवाना", जावक क्रमांक, तारीख जन्मानंतर आठव्या दिवसाची. आणि शेवटच्या रकान्यात पोच म्हणून शिक्का होता तो शेजारच्या ग्रामपंचायतीचा!

तुझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल, मला रात्री पडला. दवाखाना बायपासवर आहे. तो भाग आधी ग्रामपंचायतीत होता, हद्दवाढीत नगरपरिषदेत आला. दवाखान्याने सवयीने कागद जुन्या जागी दिला. ग्रामपंचायत म्हणते, ती हद्द आता आमची नाही, आम्ही नोंद कशी करणार? कागद तसाच पडून. नगरपरिषद म्हणते, आमच्याकडे कागदच आला नाही, आणि तो दवाखाना पोर्टलवर अजून आमच्या नावाखाली दिसत नाही. म्हणजे आम्ही इतके महिने दाखला उशिरा येतोय म्हणून ओरडत होतो, आणि मुळात नोंदच झालेली नव्हती. नोंदणी क्रमांक काय, एवढं एक जरी पहिल्या दिवशी विचारलं असतं कुणी, तरी त्याच दिवशी उलगडा झाला असता. क्रमांक नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही तर दाखला छापणार कशाचा? त्या दवाखान्यात माघानंतर जन्मलेली किती पोरं अशी अधांतरी असतील, देव जाणे.

हे कचेरीत सांगितल्यावर तो पोरगा एकदम गोड झाला. "काकू, सोपं आहे. नोंद आढळत नाही असा दाखला देतो, तुम्ही उशिरा नोंदणीचा अर्ज करा, खाली सही करा." यांनी पेन उघडलंसुद्धा! मी हात धरला. उशिरा नोंदणी म्हणजे आपण कळवायला उशीर केला असं आपल्याच सहीने कबूल करायचं. दवाखान्याने आठव्या दिवशी कळवलेलं असताना तो उशीर गौरीने आपल्या नावावर का घ्यायचा? 30 दिवस उलटले की जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी, वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्याचा आदेश. आणि 2025 पासून वर्षावरच्या नोंदींची आपल्याकडे किती कसून तपासणी चालते, ते तू बघतेसच. माघ काही फार लांब नाही, शकू. मला रात्री झोप लागत नाही ती याने.

म्हणून नवीन पत्र मी लिहिलंय. एक पान. जावई नाही, रक्तदाब नाही, जर्मनी एका ओळीत. मजकूर असा:

"माझ्या बाळाचा जन्म अमुक तारखेस अमुक रुग्णालयात झाला. रुग्णालयाने नमुना 1 मुदतीत पाठवला असून जावक नोंदीची व ग्रामपंचायतीच्या पोचेची प्रत सोबत जोडली आहे. नगरपरिषद व ग्रामपंचायत या दोघांपैकी कोणीही अद्याप नोंद केलेली नाही व तसे लेखी कळवलेलेही नाही. तरी पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: सदर जन्माची नोंद करण्यास सक्षम निबंधक कोण, मूळ नमुना 1 आज कोणाच्या ताब्यात आहे, आणि तो सक्षम निबंधकाकडे कोणत्या तारखेपर्यंत पाठवला जाईल. माहिती मुदतीत दिलेली असल्याने अर्जदारास उशिरा नोंदणीचा अर्ज करण्यास सांगू नये."

खाली गौरीची सही, कारण आई तीच. आजीच्या सहीने अर्ज परत यायला नको. प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. ही प्रतीची युक्ती माझी आहे, तुला दाद द्यावीच लागेल. ग्रामपंचायत एका खात्याची, नगरपरिषद दुसऱ्याची, दोघं एकमेकांचं कशाला ऐकतील? पण जन्म-मृत्यूच्या कामापुरता दोघांच्या वरचा माणूस एकच, जिल्हा निबंधक, आणि तो म्हणजे जिल्हा परिषदेचा आरोग्य अधिकारी. तुझ्या कचेरीत तपासणीला यायचे आणि तू घाबरून सकाळी दोन वेण्या घालून जायचीस, तेच ते पद. हद्द कुणाची हा वाद त्यांनीच तोडायचा. तक्रार कक्ष वर्ग करून करून खालीच ढकलणार, म्हणून ही प्रत वरून.

आता तू मला तीन गोष्टी सांग. "सक्षम निबंधक" म्हणायचं की "स्थानिक निबंधक"? तुम्ही कागदावर काय लिहायचात? दुसरं, लोकसेवा हक्क कायद्याचं, 2015 चं, पहिलं अपील याच्याबरोबरच टाकू का? हे म्हणतात टाक. माझं म्हणणं, त्या कायद्यात घड्याळ चालू होतं ते अर्जाची पोच मिळाल्यापासून, आणि आमच्या पहिल्या अर्जाची पोच यांनी घेतलीच नव्हती. "ओळखीचा माणूस आहे" म्हणे. तेव्हा आधी रीतसर अर्ज, पोचेवर क्रमांक आणि तारीख, मुदत टळली की अपील, ते 30 दिवसांच्या आत. बरोबर ना? आणि तिसरं, दवाखान्याकडून वेगळं पत्र घ्यावं का, की पुढचे सगळे नमुने आता नगरपरिषदेकडेच पाठवू? डॉक्टरीणबाई तयार आहेत, पण त्यांना वाटतंय आपण त्यांच्यावर ठपका ठेवतोय. तशी चूक त्यांच्या माणसाचीच आहे, पण गौरीचं बाळंतपण त्यांनी इतकं निगुतीनं केलं की माझ्याने बोलवत नाही.

गौरी मात्र शांत आहे. म्हणते, "आई, मला राहायला आवडतंय." मला ते ऐकून बरं वाटतं आणि लगेच जावयाचा व्हिडिओ कॉल आठवतो. स्क्रीनवर बापाचं बोट दिसलं की ईरा ते चाटायला जाते. तो हसतो आणि मग उगाच कॅमेरा बंद करतो.

तुझं काय? मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं झालं का? भाऊजी चालायला जातात का अजून, की तू नुसती हाकलतेस? बंडूच्या फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणे, अभिनंदन सांग. वास्तुशांतीला बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तरी येईन.

मजकूर लाल पेनाने दुरुस्त करून फोटो पाठव. सोमवारी सकाळी अर्ज द्यायचाय, म्हणजे रविवार रात्रीपर्यंत. आणि यांनी परस्पर फोन केला तर त्यांना काही सांगू नकोस. ते लगेच चौथं पान लिहायला बसतील.

तुझी,
विजू