अर्धा चेहरा अंधारातच हवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बीटल्सवरचा लेख वाचला. सोबत १९६३ च्या ‘विथ द बीटल्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठाचा फोटो होता, पण आडवा कापलेला. त्यात जॉन, जॉर्ज आणि पॉल दिसतात, तर रिंगो भुवयांपाशी संपतो. खाली ओळ मात्र ‘चौघे बीटल्स’ अशी. शिवाय चेहऱ्यांची काळोखातली बाजू उजळून राखाडी केली आहे. त्या फोटोतली महत्त्वाची गोष्ट नेमकी तीच होती.

लेखक म्हणतात की बँडची प्रतिमा मॅनेजरने आणि शिंप्याने घडवली, फोटोग्राफरांनी फक्त ती टिपली. हे चूक आहे. त्याच वर्षीचा त्यांचा पहिला अल्बम शेजारी ठेवून पाहावा. अँगस मॅकबीनच्या त्या रंगीत फोटोत चौघे रेकॉर्ड कंपनीच्या इमारतीतल्या जिन्याच्या कठड्यावरून खाली बघत हसताहेत. काही महिन्यांनी रॉबर्ट फ्रीमनने त्याच चौघांना न हसता, काळ्या पोलोनेक स्वेटरमध्ये, फक्त चेहरे दिसतील असं उभं केलं. फ्रीमनला हे काम मिळालं ते त्याने काढलेले जाझ वादकांचे फोटो पाहून. आणि बीटल्सच्या डोळ्यांसमोर होते अ‍ॅस्ट्रिड किर्शहेरने हॅम्बुर्गमध्ये काढलेले त्यांचे अर्ध्या उजेडातले फोटो. लेखात तिचं नावही नाही.

लेखातला ‘स्टुडिओतला दिवा’ही कुठून आला कळत नाही. हा फोटो २२ ऑगस्ट १९६३ रोजी बोर्नमथच्या पॅलेस कोर्ट हॉटेलात काढला गेला. उजेड एका बाजूच्या मोठ्या खिडक्यांचा होता आणि मागे गडद मरून पडदा. खिडक्या एकाच बाजूला असल्या आणि समोरून उजेड परतवायला काही ठेवलं नाही, की नाकाच्या पलीकडची बाजू आपोआप काळोखात जाते. काळे स्वेटर गडद पडद्यात मिसळतात आणि चेहरे तरंगल्यासारखे दिसतात.

फ्रीमनने १८० मिलिमीटरची लेन्स वापरली. ती लांबून वापरावी लागते, त्यामुळे पुढचा आणि मागचा चेहरा जवळजवळ सारख्याच आकाराचा येतो. हाच फोटो साध्या ५० च्या लेन्सने जवळ जाऊन काढला असता, तर पुढच्याचं डोकं मोठं दिसलं असतं आणि तोच बँडचा नायक वाटला असता. लांब लेन्सची अडचण अशी की फोकसची खोली फार कमी मिळते. म्हणून माणसांना एकमेकांलगत बसवावं लागतं आणि अ‍ॅपर्चर बरंच बंद करावं लागतं. मग उजेड कमी पडतो, शटर सावकाश ठेवावं लागतं आणि कोणी जरासं हललं तरी फोटो वाया जातो. अशा वेळी गंभीर, स्थिर चेहरा सोयीचाही असतो.

रिंगो खाली उजवीकडे का, याचंही कारण आहे. मुखपृष्ठ चौकोनी, त्यात चौघांची सरळ रांग बसत नाही. रिंगो बँडमध्ये सगळ्यांत शेवटी आलेला आणि उंचीनेही कमी, म्हणून त्याला पॉलच्या खाली घेतलं. तुमच्या पानावर आडवी पट्टीच हवी होती, तर दुसरा फोटो निवडायचा होता.

कोणी हसत नाही म्हणून रेकॉर्ड कंपनीत या फोटोवर नाराजी होती, तरी तो छापला गेला. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेत ‘मीट द बीटल्स’वर हाच फोटो निळसर छटेत आला आणि तिथल्या असंख्य घरांत बँडची पहिली ओळख याच चेहऱ्यांनी झाली. फ्रीमनला मोबदला मिळाला ७५ पौंड.

वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि काळं आणखी काळं होतं, म्हणून छपाईआधी फोटो उजळतात, हे मान्य. पण उजळायच्या होत्या त्या उजेडातल्या गालाच्या मधल्या छटा. सावल्याही वर ओढल्या की काळोखात तपशील येत नाही, तिथे फक्त फिल्मचे दाणे राखाडी डागांसारखे दिसू लागतात. काल पॉलच्या गालावर तेच झालं. शिवाय हा कृष्णधवल फोटो चार शाईंत छापलेला दिसतो. प्लेट जराशी सरकल्यामुळे जॉनच्या केसांच्या कडेला लालसर रेघ आली आहे. फक्त काळ्या शाईत छापला असता तर ही रेघ आलीच नसती.

फोटोखाली श्रेय ‘संग्रहित’ असं आहे. तिथे ‘रॉबर्ट फ्रीमन’ हवं होतं. ‘रबर सोल’वरचे लांबट चेहरे ‘खास लेन्सचे’ म्हटले आहेत, तेही दुरुस्त करावं. फ्रीमन अल्बमच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर स्लाइड टाकून फोटो दाखवत होता, पुठ्ठा जरा मागे कलला आणि चेहरे ताणले गेले. बँडला ते आवडलं आणि तसंच हवं असं त्यांनी सांगितलं. आणि एकाच लेखात ‘बिटल्स’ आणि ‘बीटल्स’ अशी दोन लेखनं आहेत, त्यांतलं एक ठरवावं.

येत्या रविवारी फोटो पूर्ण चौकोनी आणि श्रेयासह पुन्हा छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे