काचेतली ती

इंदूर,
रविवार, रात्री

प्रिय मीना,

तुझं म्हणणं खरं निघालं, म्हणून आधी कबुली देते. फोनवर तू म्हणाली होतीस, "कविता बरी आहे, पण बाबा मध्येच कुठे गेले? दारापाशी होते, मग तू विमानात बसलीस, आणि ते गायब." तेव्हा मला राग आला होता. तू बडोद्यात बसून माझ्या बाबांचा हिशेब मागतेस, असं काहीतरी मनात आलं. पण मग कविता पुन्हा वाचली. बाबा खरंच गायब होते.

अडचण कुठे होती ते सांगते. आपल्याकडे विमानतळाचा क्रमच उलटा आहे. स्टेशनावर माणूस शेवटपर्यंत सोबत असतो. खिडकीशी उभा राहतो, गाडी हलल्यावर चार पावलं चालतो, मग हात करतो. तिथे हात शेवटी येतो. विमानतळावर मात्र दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, आणि पोहोचवायला आलेला माणूस तिथेच संपतो. मग सामान, बोर्डिंग पास, तपासणी, घोषणा, वाट बघणं, हे सगळं हात करून झाल्यावर. म्हणजे जे कवितेत शेवटी यायला हवं, ते घडतं सगळ्यात आधी. मी घडलं त्या क्रमाने लिहीत गेले आणि बाबा दुसऱ्याच कडव्यात मागे राहिले.

यावर एक सोपा उपाय होता, तो मी करूनही पाहिला. शेवटी विमानात बसून "आठवतो तो हात" अशी ओळ. लिहिली आणि खोडली. "आठवते" हा शब्द कवितेत आला की समजावं, कवीला पुढे जायचा कंटाळा आलाय. (तुझ्या पावसाच्या कवितेत तो तीनदा आहे. तेव्हा बोलले नव्हते.)

मग मुक्तछंद सोडून अभंग धरला. मोठा अभंग, तुला माहीतच आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. लघु-गुरूची कटकट नाही, जोडाक्षर एकच मोजायचं. आजी सकाळी म्हणायची त्यामुळे तो कानात होताच, पण मला तो हवा होता शेवटच्या चार अक्षरांसाठी. तीन चरण माणूस चालत येतो आणि चौथ्यात पायरीच लहान निघते. दारात अडवल्यावर अगदी तसंच होतं. पहिलं कडवं त्यामुळे एका दमात झालं:

तिकीट ज्याचे तो । एकटा जाणार ।
बाकीच्यांना दार । इथवर ॥

घोषणांनी मात्र पंधरा दिवस खाल्ले. सुरुवातीला मी काय लिहिलं असेल? "कृपया ध्यान दें". मोजून बघ, बरोबर सहा अक्षरं. मराठी केलं, "कृपया लक्ष द्या", तरी सहाच! मला वाटलं, विमानतळच अभंगात बोलतोय. दोन दिवस मी त्या ओळीवर खूश होते. मग लक्षात आलं की छंदात चपखल बसते म्हणून मी एक खोटी ओळ ठेवली आहे. ही घोषणा मला परकी कधी वाटली? ती तर आपण लहानपणापासून इंदूर स्टेशनवर ऐकतोय. तिने माझ्या पोटात कधी गोळा आला नाही.

परकी घोषणा होती अ‍ॅम्स्टरडॅमची. 2014चा सप्टेंबर. मला तिथे विमान बदलून एडिनबरोला जायचं होतं. पहिलाच परदेशप्रवास, आणि मी चुकीच्या बाजूच्या गेटकडे चालत सुटले होते. तिथे ज्याला उशीर होतो त्याचं नाव घेऊन सांगतात: तुमच्यामुळे विमान खोळंबलं आहे, ताबडतोब गेटवर या, नाहीतर तुमचं सामान उतरवू. हे इतक्या शांत आवाजात सांगतात की ओरडणं परवडलं. मी ती घोषणा ऐकली आणि मनात म्हटलं, कोण ही बेजबाबदार बाई. "योट्स्ना" असं काहीतरी नाव होतं. दुसऱ्यांदा आडनाव कानावर आलं तेव्हा उजेड पडला की ज्योत्स्ना म्हणजे मीच. डच लोक जे अक्षराचा उच्चार य करतात हे मला तेव्हा कुठलं माहीत! लहानपणी शाळेत माझं नाव नीट म्हणता येत नाही म्हणून रडलेल्या मुलींपैकी तू एक, तेव्हा त्या बाईला काय दोष देणार. तर हे कडवं तसं झालं:

नाव घेते कोणी । परक्या तोंडाने ।
अर्ध्याच कानाने । ऐकते मी ॥

आणि धावत असताना ती दुसरी. तिथे लांबच लांब सरकते पट्टे आहेत, आणि पट्टा संपायच्या जागी एक रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सतत म्हणत असतो, माइंड युवर स्टेप. माणूस असो नसो, ती म्हणतेच. याचं मराठी करताना "पायाकडे बघा" लिहिलं, सहा अक्षरं झाली पण बाई पोलिसासारखी वाटायला लागली. शेवटी आई अंगणात पाणी सांडलं की जे म्हणायची तेच घेतलं, "पाऊल जपून". "बाई" आणि "नाही" हे यमक जेमतेम आहे, कबूल. पण अभंगाला एवढं चालतं.

आता मुख्य गोष्ट. एडिनबरोला निघाले त्या पहाटे आम्ही साडेचारच्या सुमारास इथल्या विमानतळावर पोहोचलो. शेजाऱ्यांची व्हॅन, बाबा पुढे, मी मागे बॅगांमध्ये. नुकताच पाऊस होऊन गेला होता. दारापाशी बाबांनी एवढंच म्हटलं, "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव." मी आत गेले, वळले, आणि काचेत बाबा नव्हते. मीच होते, मागे ट्रॉली, डोक्यावर ट्यूबलाइटी. मला वाटलं ते निघूनही गेले. तरी मी हात केला, कारण करायचा असतो. इतकी वर्षं माझ्या मनात हे असंच बसलेलं होतं: बाबा थांबले नव्हते. कधी विचारलं नाही. असलं कोण विचारतं?

गेल्या महिन्यात भाच्याला सोडायला गेले, तशाच अंधाऱ्या वेळी, आणि पहिल्यांदाच काचेच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. भाचा आत असा दिसत होता की त्याच्या जर्किनची अर्धवट लागलेली चेन मला मोजता आली असती. तो वळला, थेट माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे डोळे माझ्यावर थांबलेच नाहीत. शोधत राहिला. मी दोन्ही हात हलवले. तो हसला, जरा उजवीकडे बघून, आणि कुणालाच नाही असा हात केला.

तेव्हा कळलं. साध्या काचेवर सरळ पडलेल्या उजेडातला सुमारे 8 टक्के उजेड मागे फिरतो. दिवसा ते लक्षातही येत नाही, कारण बाहेरून येणारा उजेड त्याहून कितीतरी जास्त असतो. पण आत दिवे आणि बाहेर अंधार असला की बाहेरून काही येतच नाही, आणि ते 8 टक्केच आरसा होतात. रात्रीच्या गाडीत खिडकीतून स्टेशन कुठलं आलं ते बघायला आपण काचेला कपाळ टेकवून दोन्ही हातांचा आडोसा करतो ना, ते याचसाठी. मी त्या पहाटे काचेजवळ जाऊन तसा आडोसा केला असता तर बाबा दिसले असते. अंतर दहा पावलं असेल.

आणि मीना, कवितेचा क्रमही तिथेच सुटला. हात दोनदा आहे. एकदा आतून, तो आधी, आणि एकदा बाहेरून, जो मला कळायला इतकी वर्षं लागली. मग दुसरा शेवटी आला तर कुणाची परवानगी लागत नाही, "आठवते"चीही नाही. तर ही सगळी कविता:

तिकीट ज्याचे तो । एकटा जाणार ।
बाकीच्यांना दार । इथवर ॥

काचेत जी होती । तिने हात केला ।
मीही केला तिला । काय करू ॥

नाव घेते कोणी । परक्या तोंडाने ।
अर्ध्याच कानाने । ऐकते मी ॥

पाऊल जपून । म्हणते ती बाई ।
तिला झोप नाही । रात्रभर ॥

आत लख्ख दिवे । बाहेर अंधार ।
हात वारंवार । हालणारा ॥

"बाबा" हा शब्द मुद्दाम कुठेच ठेवला नाही. तू म्हणशील, मी बाबा कुठे गेले विचारलं आणि हिने उरलेसुरलेही काढून टाकले. पण "बाबा" लिहिलं की वाचणारा लगेच आपल्या बाबांकडे जातो आणि माझी काच बघायची राहून जाते. सध्या तरी माझं असं मत आहे.

हे इथे संपलं असतं. पण भाच्याला सोडून घरी आले तेव्हा बाबा पोहे खात बसले होते. मी म्हटलं, "2014 साली तुम्ही बाहेर थांबला होतात का हो?" म्हणाले, "थांबलो नाही तर काय. तू तपासणीकडे वळेपर्यंत दिसत होतीस." मी विचारलं, "मग मी हात केला तो दिसला?"

"दिसला. पण तू भलत्याच बाजूला करत होतीस, त्या खांबाकडे. म्हणून मग मीच सरकून खांबापाशी जाऊन उभा राहिलो."

आणि शेवेसाठी हात पुढे केला.

तेव्हापासून मी शेवटच्या चार अक्षरांशी झटते आहे. "हालणारा"च्या जागी "सरकतो" बसतं. अक्षरं बरोबर चार, आणि सरकत्या पट्ट्याशीही कुठेतरी जुळतं. पण "हात वारंवार सरकतो" म्हटलं की हात टेबलावरून घसरल्यासारखा वाटतो, आणि ज्याला खांबाची गोष्ट ठाऊक नाही त्याला काहीच कळणार नाही. "वारंवार" काढावं तर "अंधार"ला यमक काय आणू? "तयार", "आधार", "माघार" सगळे लावून पाहिले, सगळे भाषण करतात. तुला काही सुचलं तर कळव. दिवाळीनंतर मुलांना घेऊन येशील तेव्हा खांबही दाखवते, अजून आहे तिथेच.

तुझी,
ज्योत्स्ना

ता. क. बाबांना कविता वाचून दाखवली. म्हणाले, चौथ्या कडव्यातली बाई कोण?