आजेसासूबाईंच्या वाढदिवसाच्या चार ओळी

अंबाजोगाई,
4 जानेवारी

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. तो चढायला नको होता. बाळंतपणाचा विषय या पत्रात काढणार नाही. तू मागितल्यास तेवढ्या, तुझ्या आजेसासूबाईंसाठी चार ओळी, मराठीत लिहून पाठवतो. फारसी तू आणि जावईबापूंनी मिळून करायची.

त्यांचा जन्म इराणी सनाच्या बहमन 1320 चा म्हणालीस. मी लगेच शेताचे जुने कागद काढून बसलो, कारण बहमन, आबान, तीर ही नावं त्यावरही आहेत. निजामाच्या फसली सनाचे महिने ते. पण आपल्याकडे वर्ष आझुरला सुरू व्हायचं, त्यांचं फरवर्दीनला. नाव एक, महिना वेगळा. त्यांचा बहमन जानेवारीच्या एकवीस तारखेच्या सुमारास लागतो, म्हणजे संक्रांत झाल्यावर आठवड्याने. तेव्हा तुला सातवा लागलेला असेल. आठव्यानंतर विमानात घेत नाहीत म्हणे. असो.

पहिल्या खर्ड्यात मी मुद्दाम फारसीतून आलेले शब्द घातले होते. आमच्या दादांची शाळा उर्दूतली, त्यामुळे मला उगाच वाटलं की हे तुला सोपं जाईल. "तुमचा गुडघ्याचा आजार लवकर बरा होवो" असं लिहिलं, तर तू फोनवर हसत सुटलीस. त्यांच्याकडे आज़ार म्हणजे छळ! त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला मी छळाबद्दल लिहीत होतो. त्याऐवजी तू सुचवलंस ते फार आवडलं: तनेतान सालेम बाशद, तुमचं तन धडधाकट राहो. तन तर आपलंच.

दुसरी चूक "आम्हा गरिबांकडून" ही. आपल्याकडे नम्रपणाने म्हणतात तसं म्हटलं होतं. तू म्हणालीस, अण्णा, इकडे घरीब म्हणजे परका, परमुलखातला. मग ती ओळ खोडली. पण तो शब्द डोक्यातून जाईना. रात्री तुझ्या आईला विचारलं, आपली मुक्ता तिथं घरीब तर नाही ना? ती म्हणाली, झोपा.

"पाया पडतो" यावर मात्र मी अडून बसलो होतो. ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या पाया पडायचं नाही तर काय करायचं? पण शब्दाला शब्द ठेवला, बे पायेतान मीओफ़्तम, की त्यांना वाटणार हा माणूस गयावया करतोय, काहीतरी मागतोय. तिथं थोरांच्या हाताचं चुंबन घेतात, म्हणून दस्तेतान रा मीबूसम. बरं. मान तोच, पायाचा हातावर गेला. आणि "शतायुषी व्हा" याचं तुम्ही सदो बीस्त साले बेशवीद केलंत, एकशेवीस वर्षांच्या व्हा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला शंभर म्हणजे सोळाच उरतात, एकशेवीस बरे.

आजीला आपण तू म्हणतो, तू लहानपणी बाईला दरडावायचीस सुद्धा. तिथं मात्र शोमाच ठेव. माया शब्दांत येऊ दे, क्रियापदात नको. हे तुला सांगायला नको होतं, मास्तरकी सुटत नाही, माफ कर.

आता पक्की झालेली प्रत:

पूज्य आजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा. पाया पडतो. प्रकृती ठणठणीत राहो. शतायुषी व्हा. तुमची सावली लेकरांवर राहो.

मादरबोज़ोर्ग-ए अज़ीज़, तवल्लोदेतान मोबारक. दस्तेतान रा मीबूसम. तनेतान सालेम बाशद. सदो बीस्त साले बेशवीद. साये-तान अज़ सर-ए बच्चेहा कम नशवद.

शेवटची ओळ मला जशीच्या तशी सापडली याचं नवल वाटलं. दादा गेले तेव्हा लोक हेच म्हणत होते, सावली गेली. तुला आठवत नसेल, तू चार वर्षांची होतीस, लिंबाखाली बसून सगळ्यांना पाणी देत होतीस.

बाळंतिणीला त्या काची करून घालतात म्हणालीस, पीठ, तूप, केशर, गुलाबपाणी. ऐकून बरं वाटलं. पण त्यात डिंक नाही, खारीक नाही. कंबर धरते नंतर, तुझी आई सांगेल. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, एवढंच म्हणतो. पुन्हा तेच झालं, बघ. तुझ्या मनाविरुद्ध काही करू नकोस.

फक्त एक विचार जावईबापूंना. त्या ओळीत बच्चेहा आहे ना, त्यात त्यांच्या घरी तुला धरतात का? धरत असतील तर ओळ तशीच ठेव.

तुझे,
अण्णा

ता. क. आईने डिंक निवडून ठेवलाय. कोणी येणारं असेल तर कळव.