बाबा, ते सोनं असतं कुठे?

तीर्थरूप आई आणि बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी गोल्ड ईटीएफ घ्यायचं सुचवलं, तेव्हा बाबा म्हणाले, "सोनं घ्यायचं आणि घरात काहीच यायचं नाही, हे मला पटत नाही." त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

गोल्ड ईटीएफ म्हणजे सोन्यात पैसा घालणारा फंड, त्याचे युनिट शेअरसारखे बाजारात घेता-विकता येतात. त्यात खरंखुरं सोनं असतं. सेबीच्या नियमाने फंडाचा किमान ९५ टक्के पैसा सोन्यात आणि सोन्याशी निगडित साधनांत असावा लागतो, आणि ते सोनं ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध लागतं. फंड कंपनी त्या विटा स्वतःकडे ठेवत नाही. त्या कस्टोडियनच्या, म्हणजे सोनं सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेच्या तिजोरीत असतात आणि लेखापरीक्षक ठरावीक काळाने त्यांची प्रत्यक्ष मोजणी करतात. फंड हा ट्रस्ट असल्यामुळे कंपनी अडचणीत आली, तरी ते सोनं तिच्या देण्यांत जात नाही. उरलेले थोडे पैसे रोख किंवा अल्पमुदतीत असतात. दर महिन्याला फंड आपल्याकडे काय आहे ते वेबसाइटवर जाहीर करतो. घ्यायच्या आधी तो तक्ता मी तुम्हाला उघडून दाखवीन. त्यात 'सोनं' ही ओळ जवळजवळ सगळी रक्कम व्यापणारी दिसली पाहिजे.

आता हिशेब. भाव रोज हलतो, म्हणून सोपा आकडा धरू: २४ कॅरेट १० ग्रॅमला एक लाख. आईला २२ कॅरेटच्या १० ग्रॅमच्या बांगड्या घेतल्या, तर सोन्याचे ९१,६०० झाले. घडणावळ १२ टक्के धरली तर १०,९९२, आणि सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. बिल होतं सुमारे १,०५,६७०. त्याच भावाला मोडायला गेलो, तर सराफ फार तर ९१,६०० देईल, त्यातूनही घट कापेल. म्हणजे चौदा हजार तिथेच गेले. बांगड्या घालायच्या असतील तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण आपण तो दागिना घेतलेला असतो.

बाबा दर गुरुपुष्याला वेढणी घ्यायचे, ते आठवतं मला. वेढणं किंवा नाणं घेतलं तर मजुरी कमी, दोन टक्के धरू. लाखाच्या सोन्याला १,०५,०६० मोजावे लागतील. मोडताना पूर्ण भाव मिळाला, तर पाच हजार गेले, आणि ते एकदाच. फक्त नाणं बँकेतून घेऊ नका. बँका विकतात, पण परत घेत नाहीत, मग ते सराफाकडेच न्यावं लागतं.

ईटीएफमध्ये घडणावळ नाही, युनिट घेताना वरून जीएसटी नाही, थोडी दलाली आणि युनिट ज्यात जमा होतात त्या डीमॅट खात्याचा खर्च आहे. पण एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. फंडाचा खर्च दरवर्षी त्यातूनच वजा होतो, त्यामुळे एका युनिटमागचं सोनं हळूहळू झिजत जातं. खर्च वर्षाला अर्धा टक्का धरला, तर आज दहा ग्रॅमचं सोनं दहा वर्षांनी साधारण साडेनऊ ग्रॅम उरतं. म्हणजे दहा वर्षांत पाचएक टक्के, वेढण्याला सुरुवातीलाच जातात तेवढेच! त्यामुळे चारपाच वर्षांसाठी ईटीएफ नक्की स्वस्त, आणि वीस वर्षं हात लावायचा नसेल तर वेढणं तितकं वाईट नाही, फक्त त्यासाठी लॉकरचं वेगळं भाडं पडत नसेल तर. फंड निवडताना खर्चाचं प्रमाण बघायचं, ते याचसाठी.

आई, तुझंही एक म्हणणं खरं आहे. माझ्या हॉस्टेलची फी भरायला तू पाटल्या गहाण ठेवल्या होत्यास. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ईटीएफच्या युनिटवर तसं कर्ज मिळत नाही. पैसे हवे असतील तर युनिट विकावेच लागतात, आणि विकल्यावर सोनं नाही, रुपये हातात येतात. एक वर्षानंतर विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, तर नाण्याला आणि दागिन्याला तोच दर मिळायला दोन वर्षं थांबावं लागतं.

म्हणून माझं मत असं. ताईच्या मुलीच्या लग्नाला बांगड्या घ्यायच्याच आहेत, त्या सराफाकडूनच घ्या. बिलात सोनं आणि घडणावळ वेगळी लिहून घ्या, आणि बांगडीवरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक, एचयूआयडी, बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. आईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही. मुदत ठेवीचे जे दोन लाख पुढच्या महिन्यात सुटतील आणि जे चारपाच वर्षांत लागणार आहेत, त्यांतलेच ईटीएफमध्ये घालू. मी दिवाळीच्या आधी येते आहे. तेव्हा बाबांच्या डीमॅटचे कागद भरू. बाबा, पॅन कार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवा, आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव घालायचं आहे.

आपली,
धाकटी